वेगवेगळ्या शहरांतील क्लायंटकडून संकलनाचे परीक्षण: टाइमकोडसह सूचना आणि आवृत्त्यांचा हिशेब

पुण्यातील संकलक, नागपूरची सामाजिक संस्था, मुंबईतील निर्माता आणि निधी देणारी बंगळुरूची कंपनी असे चार पक्ष एकाच माहितीपटावर काम करत आहेत असे समजू. चित्रपट मराठीत असून विदर्भातील जलसंधारणावर आहे. त्याची लांबी ८ मिनिटे १२ सेकंद आहे, तो सेकंदाला २५ फ्रेम या गतीने संकलित केला आहे आणि त्याला इंग्रजी सबटायटल्स द्यायची आहेत. चौघे एका खोलीत कधीच बसणार नाहीत. प्रत्येक जण आपापल्या वेळी, आपापल्या पडद्यावर कट पाहील आणि सूचना पाठवील. अशा कामाची सुरुवातीपासून अखेरच्या मंजुरीपर्यंतची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे.

या पद्धतीचा पाया एकच आहे. ‘५ मिनिटे २२ सेकंदांवरचा शॉट काढा’ या सूचनेला स्वतंत्र अर्थ नसतो, कारण त्या क्षणी कोणता शॉट दिसतो हे आवृत्तीनुसार बदलते. टाइमकोड, म्हणजे तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम या क्रमाने लिहिलेला आकडा, आणि आवृत्ती क्रमांक ही जोडी मिळूनच एक पत्ता तयार होतो. पुढील प्रत्येक पायरीचा हेतू ही जोडी कोठेही तुटू न देणे हा आहे.

पहिला कट पाठवण्यापूर्वी

पहिला निर्णय टाइमकोड कोठून सुरू करायचा याचा असतो. प्रीमियर प्रोमध्ये नवी सिक्वेन्स नेहमीच्या मांडणीत 00:00:00:00 पासून सुरू होते, तर डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होते. प्रसारणाच्या कामात एका तासापासून सुरुवात करण्याची पद्धत रूढ आहे आणि तिला कारणही आहे, कारण चित्रपटाआधीचे रंगतपासणीचे कलर बार आणि माहितीची पाटी म्हणजे स्लेट त्या तासाच्या आधी बसवता येतात. मात्र ब्राउझरमधील प्लेअर बहुधा शून्यापासून मोजतो. क्लायंट प्लेअरवर 00:05:22:08 वाचतो, संकलकाच्या टाइमलाइनवर तोच क्षण 01:05:22:08 असतो आणि कोणी फाइलच्या सुरुवातीला दहा सेकंदांची स्लेट जोडली, तर फरक केवळ तासाचा राहत नाही. म्हणून परीक्षणासाठी पाठवायच्या फाइलमध्ये बार आणि स्लेट ठेवू नयेत, चित्रपटाची पहिली फ्रेम हीच फाइलची पहिली फ्रेम असावी आणि टाइमलाइनही शून्यापासून सुरू करावी. प्रसारणाची मास्टर फाइल हे नंतरचे, वेगळे काम आहे.

दुसरी गोष्ट फ्रेम गतीची. टाइमलाइन २५ फ्रेमची असेल तर एक्स्पोर्टही २५ फ्रेमचाच हवा. एक्स्पोर्टच्या एखाद्या तयार प्रीसेटमध्ये ३० फ्रेमची निवड राहून जाते, चित्र डोळ्यांना जवळपास तसेच दिसते आणि चूक लक्षात येत नाही. ती ओळखण्याचा सोपा मार्ग असा की, प्लेअरवर टाइमकोड दाखवण्याची सोय चालू करून फ्रेम-फ्रेम पुढे जावे. २५ फ्रेमच्या फाइलमध्ये शेवटचे दोन आकडे 24 च्या पुढे जात नाहीत आणि त्यानंतर 00 येते. ते 29 पर्यंत गेले, तर फाइल चुकीच्या गतीने बाहेर पडली आहे. क्लायंटच्या सूचनेत 00:02:10:27 असा आकडा आला, तरीही हेच समजावे.

तिसरी गोष्ट नावाची. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द कधीही वापरू नये. तो संकलकाची आशा सांगतो, फाइलची ओळख सांगत नाही. प्रकल्पाचे लघुनाव, भाषा, आवृत्ती आणि फाइलचा उपयोग एवढे पुरेसे असते, उदाहरणार्थ `JAL_MR_v02_review.mp4`. आवृत्तीचा आकडा दोन अंकी ठेवावा, म्हणजे v10 ही आवृत्ती यादीत v02 च्या आधी जात नाही. एकदा बाहेर गेलेला आकडा पुन्हा वापरायचा नाही, हा नियम मी सर्वांत कडक मानतो. v02 पाठवल्यानंतर दहा मिनिटांत त्यात एका नावाची चूक सापडली आणि अजून कोणी लिंक उघडलेली नाही अशी खात्री वाटली, तरी दुरुस्त फाइल v03 म्हणूनच गेली पाहिजे. एकाच आकड्याच्या दोन फाइल जगात असतील, तर त्या आकड्यावरील सगळ्या सूचना संशयास्पद होतात.

परीक्षणाची फाइल

परीक्षणासाठी मास्टरच्या दर्जाची फाइल लागत नाही. नागपूरमधील कार्यकर्ता गावातून मोबाइलच्या जाळ्यावर कट पाहणार असेल, तर जड फाइल त्याच्यासाठी निरुपयोगी असते. आपला ८ मिनिटे १२ सेकंदांचा चित्रपट सेकंदाला ८ मेगाबिट या दराने सुमारे ४९० एमबी होतो आणि ३ मेगाबिट या दराने सुमारे १८५ एमबी. १२८० बाय ७२० आकाराच्या चित्रासाठी दुसरा दर कटाची लय, नावपट्ट्या आणि सबटायटल्स तपासायला पुरतो.

या फाइलच्या चित्रावरच आवृत्ती क्रमांक आणि टाइमकोड छापलेला असावा, असा माझा आग्रह आहे. परीक्षणाच्या सेवेत टाइमकोड आपोआप नोंदला जात असला तरीही तो छापावा, कारण एखादा विश्वस्त शेवटी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवरच पाठवतो, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये पत्ता असला तर सूचना वाया जात नाही. सबटायटल्स खाली असतात म्हणून ही पट्टी वरच्या कोपऱ्यात ठेवावी. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. एफएफएमपेग वापरणाऱ्यांसाठी स्वच्छ एक्स्पोर्टवरून अशी फाइल पुढील आज्ञेने तयार होते:

```
ffmpeg -i JAL_MR_v02_clean.mov -vf "scale=1280:-2,drawtext=text='v02 - ':timecode='00\:00\:00\:00':rate=25:fontsize=30:fontcolor=white:box=1:boxcolor=black@0.6:x=20:y=20" -c:v libx264 -crf 23 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 160k -movflags +faststart JAL_MR_v02_review.mp4
```

यातील `rate=25` ही टाइमकोडची गती आहे आणि ती फाइलच्या गतीशी जुळलीच पाहिजे. `+faststart` मुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण फाइल उतरण्याआधी चित्र सुरू होते. येथे `crf` वापरल्यामुळे दर ठरावीक राहत नाही, तो दृश्यातील हालचालीनुसार कमीजास्त होतो. फॉन्ट सापडत नसल्याची तक्रार आली, तर `fontfile=` लिहून फॉन्टचा मार्ग द्यावा लागतो. पट्टी नसलेली `clean` फाइल पुसू नये. पुढच्या आवृत्तीशी तुलना करताना तिचीच गरज पडते.

सूचना कोठे लिहायच्या

या कामासाठी खास सेवा आहेत. त्यांपैकी फ्रेम.आयओ ही सेवा २०२१ मध्ये अडोबीने विकत घेतली आणि ती प्रीमियरच्या आतल्या पॅनेलमधून वापरता येते. अशा सेवेत पाहणारा चित्र थांबवतो, लिहू लागतो आणि त्या फ्रेमचा टाइमकोड सूचनेला आपोआप चिकटतो. चित्रावर बोट किंवा माउस फिरवून खूण करता येते आणि एका क्षणाऐवजी पट्टाही निवडता येतो. नवी आवृत्ती जुन्या फाइलवर ओढून टाकली की दोन्ही एका थप्पीत राहतात. लिंक तीच राहते, उघडल्यावर नवी आवृत्ती दिसते आणि जुन्या सूचना जुन्या आवृत्तीजवळच थांबतात. आपल्या पायाभूत नियमाला ही रचना नेमकी अनुकूल आहे.

सशुल्क सेवा परवडत नसेल, तर वरची छापील पट्टी आणि सर्वांना उघडता येणारा एक तक्ता एवढ्यावर काम चालते. तक्त्यात आवृत्ती, टाइमकोड, सूचना, कोणाची, निर्णय आणि स्थिती असे सहा रकाने पुरतात. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवत असाल, तर त्यातील ‘Manage versions’ ही सोय या कामासाठी वापरू नये. तिने त्याच लिंकवर नवी फाइल येते खरी, परंतु जुनी आवृत्ती कायम ठेवण्याची वेगळी खूण केली नसेल तर ती ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसली जाऊ शकते, आणि पाहणाऱ्याला आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत हे सहज कळत नाही. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फाइल म्हणून ठेवावी आणि जुन्या फाइल ‘जुन्या आवृत्त्या’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. ड्राइव्हवर चढवलेला व्हिडिओ काही काळ प्रक्रियेत असतो आणि त्या काळात तो कमी दर्जाचा दिसू शकतो, म्हणून लिंक लगेच पाठवण्याऐवजी स्वतः उघडून पाहून मग पाठवावी.

थेट व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवणे मात्र टाळावे. तेथे फाइल पुन्हा दाबली जाते, प्लेअरवर केवळ मिनिटे-सेकंद दिसतात आणि गटातील इतर संभाषणात सूचना हरवतात. व्हॉट्सअॅपचा उपयोग ‘v02 पाहायला तयार आहे’ एवढा निरोप देण्यासाठी करावा.

क्लायंटला काय सांगायचे

लिंकसोबत जाणारा मजकूर हा परीक्षणाचा अर्धा भाग असतो. त्यात या फेरीत काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, हे स्पष्ट लिहावे लागते, नाहीतर रचना ठरलेली नसताना रंगांवर आणि संगीतावर सूचना येतात. आपल्या उदाहरणातील v02 सोबत असा मजकूर जाईल:

‘नमस्कार. v02 सोबतच्या लिंकवर आहे. लांबी 00:08:12:00. या फेरीत कृपया आशय, क्रम, व्यक्तींची नावे आणि निवेदन पाहावे. रंगसंस्करण आणि ध्वनिमिश्रण अद्याप झालेले नाही, त्यामुळे त्यांवरील सूचना पुढील टप्प्यासाठी ठेवाव्यात. एका सूचनेत एकच मुद्दा लिहावा. बदल आवश्यक असल्यास “बदल”, मत असल्यास “मत” आणि शंका असल्यास “प्रश्न” असा शब्द सुरुवातीला लिहावा. नावे बदलायची असल्यास योग्य रूप देवनागरीत टाइप करून द्यावे. सूचना गुरुवारी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत याव्यात. त्यानंतर निर्माते सर्व सूचना एकत्र करून एक यादी देतील आणि त्या यादीवर v03 तयार होईल.’

‘बदल’, ‘मत’ आणि ‘प्रश्न’ ही विभागणी छोटी दिसते, पण तिचा फायदा मोठा आहे. ‘हा शॉट लांब वाटतो’ असे मत आणि ‘हा शॉट काढा’ अशी आज्ञा यांतील फरक लेखनात सहज पुसला जातो आणि संकलक मताला आज्ञा समजून चांगला शॉट काढून टाकतो. नाव टाइप करून मागण्याचे कारणही व्यावहारिक आहे, कारण टाइप केलेला मजकूर थेट नावपट्टीत उतरवता येतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक पुन्हा होत नाही. उतरवल्यानंतर जोडाक्षरे तुटलेली दिसली, तर प्रीमियरच्या ग्राफिक्स प्राधान्यक्रमांत मजकुराचे इंजिन ‘South Asian and Middle Eastern’ असे निवडलेले आहे का, हे पाहावे.

सर्व सूचना एका व्यक्तीच्या हाताखालून जाणे ही या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची माणसांची अट आहे. आपल्या उदाहरणात ती व्यक्ती म्हणजे मुंबईचा निर्माता. परस्परविरोधी सूचनांपैकी कोणती मान्य करायची, हे ठरवण्याचा अधिकार संकलकाला नसतो आणि त्याने तो घेऊही नये. किती फेऱ्या होतील आणि हा एकत्र करणारा कोण, हे कामाच्या लेखी करारातच असावे.

सूचना वाचणे: एका फेरीचे उदाहरण

v02 वर आलेल्या सूचनांपैकी पाच येथे घेऊ. मुंबईहून 00:01:14:10 वर ‘बदल: खोदकामाचे दृश्य आटोपशीर करा’. नागपूरहून 00:03:02:00 वर ‘बदल: ताईंचे आडनाव चुकले आहे’ आणि सोबत योग्य आडनाव. पुन्हा नागपूरहून 00:05:20:15 वर ‘मत: टँकरचे हे दृश्य फार बोलके आहे, जरूर ठेवा’. बंगळुरूहून 00:05:22:08 वर ‘बदल: टँकरवर दुसऱ्या कंपनीचे चिन्ह दिसते, हा शॉट काढा’. आणि मुंबईहून 00:06:48:00 ते 00:06:55:00 या पट्ट्यावर ‘बदल: संगीतामुळे बोलणे ऐकू येत नाही’. याखेरीज एका विश्वस्तांची टाइमकोड नसलेली सूचना आहे: ‘मधला भाग संथ वाटतो’.

टँकरवरील दोन सूचना आकड्यांनी वेगळ्या दिसतात, पण दोन्ही एकाच शॉटबद्दल आहेत. टाइमकोड फ्रेमपर्यंत अचूक असला, तरी माणूस चित्र थांबवतो तो प्रतिक्रिया उमटल्यानंतर, म्हणून सूचनेचा विषय त्या फ्रेमच्या एक-दोन सेकंद आधीचा असू शकतो. सूचना वाचताना नेहमी थोडे मागे जाऊन पाहावे. कटाच्या अगदी जवळची सूचना असेल, तर ती कटाच्या आधीच्या शॉटबद्दल आहे की नंतरच्या, हे विचारूनच घ्यावे.

या दोन सूचनांत विरोध आहे आणि तो मिटवण्यासाठी संकलकाने निर्मात्यापुढे पर्याय ठेवावा. मूळ चित्रीकरण फोरकेमध्ये असून टाइमलाइन १९२० बाय १०८० असेल, तर चित्र दुप्पट मोठे करेपर्यंत तपशील कृत्रिमरीत्या ताणावा लागत नाही. चिन्ह चौकटीच्या उजव्या कडेला असल्यास शॉट १३० टक्के मोठा करून थोडा सरकवला की ते चौकटीबाहेर जाते, टँकर राहतो आणि दोन्ही पक्षांचे समाधान होते. असा पर्याय शब्दांत समजावण्यापेक्षा एक स्थिर फ्रेम काढून त्याच सूचनेखाली उत्तर म्हणून जोडावी.

टाइमकोड नसलेल्या सूचनेला घाईने उत्तर देऊ नये. ‘मधला भाग’ म्हणजे त्यांच्या मते कोठून कोठपर्यंत, हे विचारून पट्टा मिळवावा. अनेकदा असे लक्षात येते की, पाहणाऱ्याला संथपणा चौथ्या मिनिटाला जाणवला, पण कारण तिसऱ्या मिनिटातील एका लांबलेल्या मुलाखतीत आहे. अशी सूचना रचनेची असते आणि ती निर्मात्याशी बोलून वेगळी ठरवावी लागते. या फेरीत ती ‘पुढे ढकलली’ अशी नोंदवून ठेवू.

काही तक्रारींचे मूळ चित्रपटात नसून पाहण्याच्या साधनात असते. ‘ओठ आणि आवाज जुळत नाहीत’ अशी सूचना आली, तर पाहणारा ब्लूटूथ हेडफोन वापरत होता का, हे आधी विचारावे. अशा हेडफोनमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकतो. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असल्यामुळे हा चार-पाच फ्रेमचा फरक होतो आणि तो जाणवतो. बरेच प्लेअर तो भरून काढतात, सगळे नाही. तारेचा हेडफोन लावून तोच भाग पुन्हा पाहायला सांगितले की खरे कारण कळते. त्याचप्रमाणे, फोनच्या स्पीकरवर खर्जातला आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून संगीताच्या पातळीवरील सूचना कशावर ऐकून केली, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

बदल करण्याचा क्रम

v02 ची सिक्वेन्स हातात घेऊन तिच्यावरच बदल सुरू करू नयेत. तिची प्रत काढून तिला v03 नाव द्यावे आणि मूळ सिक्वेन्स जशीच्या तशी राखावी. प्रकल्पाची फाइलही नव्या नावाने साठवावी. त्यानंतर एकत्रित यादीतील सूचना v03 वर मार्कर म्हणून आणाव्यात. फ्रेम.आयओच्या पॅनेलमध्ये सूचनेवर क्लिक केले की प्रीमियरचा प्लेहेड त्या जागी जातो. रिझॉल्व्हमध्ये मार्करांची यादी असलेली ईडीएल फाइल टाइमलाइनवर आयात करता येते. तक्ता वापरत असाल तर मार्कर हाताने टाकावेत. सूचना वीस-तीस असतील, तरी यात फार वेळ जात नाही.

आता आपल्या मूळ नियमाची खरी परीक्षा होते. 00:01:14:10 पासूनच्या खोदकामाच्या दृश्यातून आपण ४ सेकंद १२ फ्रेम काढल्या, तर त्यापुढील प्रत्येक क्षण तेवढाच मागे सरकतो. v02 मधील 00:05:22:08 ही फ्रेम आता 00:05:17:21 वर आहे. यादीतील पुढचा आकडा वाचून जो 00:05:22:08 वर जाईल, त्याला तेथे v02 मधील 00:05:26:20 ची फ्रेम दिसेल, म्हणजे बहुधा वेगळाच शॉट. चुकीच्या शॉटवर बदल होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

यावरचा उपाय साधा आहे: यादी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. आधी 00:06:48:00 वरील संगीत, मग टँकरचा शॉट, मग आडनाव आणि सर्वांत शेवटी खोदकामाची छाटणी. नंतरच्या भागात काहीही कमीजास्त झाले, तरी आधीच्या भागाचे आकडे जागेवर राहतात, म्हणून प्रत्येक सूचनेचा टाइमकोड तिची पाळी येईपर्यंत खरा असतो. प्रीमियरच्या मार्कर मेनूत ‘Ripple Sequence Markers’ ही सोय चालू केली, तर छाटणीबरोबर मार्करही सरकतात आणि क्रमाची सक्ती राहत नाही. तरीही उलटा क्रम मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो कोणत्याही सॉफ्टवेअरच्या निवडीवर अवलंबून नाही. अपवाद फक्त रचनेच्या सूचनांचा. प्रसंगांची अदलाबदल करायची असेल, तर ती या किरकोळ बदलांत मिसळू नये. किरकोळ बदलांची आवृत्ती आधी पूर्ण करावी आणि रचना पुढच्या आवृत्तीत हाताळावी.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

दोन तपासण्या वेळ वाचवतात. पहिली लांबीची. या फेरीत लांबी बदलणारी सूचना एकच होती, म्हणून v03 ची लांबी 00:08:12:00 मधून ४ सेकंद १२ फ्रेम वजा करून 00:08:07:13 इतकीच असली पाहिजे. ती 00:08:07:12 असेल, तर कोठेतरी एक फ्रेम नकळत कापली गेली आहे आणि ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. कारण त्या जागेपासून पुढचा आवाज चित्राशी एका फ्रेमने सरकलेला असू शकतो.

दुसरी तपासणी चित्राची. v03 च्या सिक्वेन्सची आणखी एक तात्पुरती प्रत काढावी, तिच्या वरच्या ट्रॅकवर v02 ची पट्टी नसलेली स्वच्छ फाइल ठेवावी, खोदकामाच्या जागी त्या फाइललाही नेमकी तेवढीच कात्री लावावी आणि तिचा ब्लेंड मोड ‘Difference’ करावा. दोन्ही चित्रे सारखी असतील तेथे पडदा काळा दिसतो. फाइल दाबली गेल्यामुळे कडांवर पुसट कण दिसतील, त्यांची चिंता करू नये. आपल्या उदाहरणात आडनावाच्या पट्टीवर आणि टँकरच्या शॉटवर चित्र उजळलेच पाहिजे, कारण ते आपण बदलले आहे. तिसऱ्या कोणत्याही जागी आकृती स्पष्ट दिसू लागली, तर तेथे न मागितलेला बदल झाला आहे. कात्रीनंतर संपूर्ण चित्रभर दुहेरी आकृत्या दिसत असतील, तर कात्रीची जागा चुकली आहे. संगीताचा बदल यात दिसणार नाही, तो कानानेच तपासावा.

त्यानंतर v03 सोबत बदलांची नोंद जाते. प्रत्येक सूचनेला तिच्याच खाली तीनपैकी एक उत्तर द्यावे: ‘v03 मध्ये केले’, ‘केले नाही’ आणि त्याचे कारण, किंवा ‘निर्णयाची वाट’. टँकरच्या सूचनेखाली ‘v03 मध्ये शॉट ठेवून चिन्ह चौकटीबाहेर घेतले आहे, आता 00:05:17:21’ असे लिहिले, की बंगळुरूच्या अधिकाऱ्यांना नवी जागा शोधावी लागत नाही. सूचना सोडवलेली म्हणून बंद करण्याचा हक्क शक्यतो ती लिहिणाऱ्याकडे किंवा निर्मात्याकडे ठेवावा. v03 गेल्याक्षणी v02 वरील सूचना लिहिण्याची सोय बंद करावी, परंतु ती आवृत्ती पाहता येत राहील असे ठेवावे, नाहीतर ‘आधी काय होते’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. चित्रपट प्रदर्शित झालेला नसेल, तर लिंकला पासवर्ड आणि मुदत द्यावी आणि डाउनलोड बंद ठेवावे.

प्रत्यक्ष ऑनलाइन बैठक केवळ न सुटलेल्या मतभेदांसाठी घ्यावी. बैठकीत पडदा शेअर करून चित्रपट दाखवला, तर वाटेत फ्रेम गळतात, आवाज मागेपुढे होतो आणि कटाच्या लयीबद्दल चुकीचे निष्कर्ष निघतात. त्याऐवजी सर्वांनी तीच लिंक आपापल्या संगणकावर उघडावी, एकाने टाइमकोड मोठ्याने सांगावा आणि सर्वांनी त्या जागेपासून स्वतः पाहावे. बैठकीतील निर्णयही त्याच दिवशी त्या सूचनेखाली लिहिले गेले पाहिजेत.

पिक्चर लॉक आणि त्यानंतर

कट मान्य झाला की ‘छान झाले’ एवढ्या संदेशावर पुढे जाऊ नये. निर्मात्याकडून ईमेलवर पुढील अर्थाचे वाक्य घ्यावे: ‘JAL_MR_v04, लांबी 00:08:05:00, या आवृत्तीचे चित्र अंतिम म्हणून मान्य आहे. यापुढे शॉटचा क्रम किंवा लांबी बदलणार नाही.’ आवृत्ती आणि लांबी दोन्ही लिहिल्यामुळे कोणी जुनी फाइल पाहून मंजुरी दिली असेल, तर ते लगेच उघडकीस येते. रंगसंस्करण, ध्वनिमिश्रण आणि सबटायटल्स या लांबीवर बेतलेली असतात, म्हणून लॉकनंतर एका फ्रेमची छाटणीही या तिन्ही कामांत उतरवावी लागते. लॉकनंतर असा बदल मागितला गेला, तर त्याचा वेळ आणि खर्च लेखी कळवून, नव्या लॉक आवृत्तीचा आकडा देऊनच तो करावा.

रंगांच्या फेरीत सूचनांचे स्वरूप बदलते. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा असतो आणि रात्री डोळ्यांना आराम देणारी सोय चालू असेल, तर सगळेच चित्र पिवळसर दिसते. ‘फार पिवळे आहे’ असे एका शहरातून आणि ‘फार निळे आहे’ असे दुसऱ्यातून आले, तर रंगसंस्करण बदलण्याआधी दोघांना ती सोय बंद करून, शक्य असल्यास एकाच प्रकारच्या उपकरणावर, तीच फ्रेम पुन्हा पाहायला सांगावे. ‘मागच्या शॉटपेक्षा हा शॉट पिवळा आहे’ ही सूचना मात्र कोणत्याही पडद्यावरून आली तरी विश्वासार्ह असते, कारण तिच्यात तुलना एकाच पडद्यावर झालेली असते.

सबटायटल्स तपासताना आकड्यांचे आणखी एक रूप समोर येते. एसआरटी फाइलमध्ये फ्रेम नसतात, मिलिसेकंद असतात. म्हणून 00:05:17:21 ही फ्रेम त्या फाइलमध्ये `00:05:17,840` अशी लिहिली जाते, कारण २१ फ्रेम गुणिले ४० मिलिसेकंद म्हणजे ८४०. कोणी हा आकडा टाइमकोड समजून `00:05:17,210` असे लिहिले, तर ओळ जवळपास दोन तृतीयांश सेकंद आधी उमटते. सबटायटल्सच्या फाइललाही चित्राच्या लॉक आवृत्तीचा आकडा द्यावा, म्हणजे `JAL_MR_v04_EN.srt`. हिंदी निवेदनाची आवृत्ती निघणार असेल, तर ती `JAL_HI_v01` पासून स्वतंत्र मालिकेत चालवावी आणि ती मराठीच्या कोणत्या आवृत्तीवरून निघाली, हे पहिल्या नोंदीत लिहावे. मराठी कटात नंतर आडनाव दुरुस्त झाले, तर हिंदीत तीच दुरुस्ती बाकी आहे हे त्या एका ओळीवरून कळते.